पंचवीस शब्दांत एक नोकरी

[दृश्य: वर्तमानपत्राचं आतलं पान. छोट्या जाहिरातींचे रकाने. कॅमेरा सावकाश खाली सरकतो.]

स्थानिक वर्तमानपत्राचं हे पान बहुतेक जण उलटून टाकतात. ज्याला काम हवं आहे तो मात्र हातात पेन घेऊन इथेच थांबतो. वरून खाली बोट फिरवत जातो आणि दोन-तीन जाहिरातींवर खूण करतो. एका जाहिरातीला त्याच्याकडून मिळतात जेमतेम काही सेकंद.

एका स्टेशनरी दुकानाची जाहिरात आपण लिहायला घेऊ. काउंटरवर एक माणूस हवा आहे. वर्तमानपत्राची मर्यादा आहे २५ शब्दांची. मालकाने एका बैठकीत लिहिलेला पहिला मजकूर असा आहे:

[पडद्यावर]
"आमच्या सुप्रसिद्ध व नावाजलेल्या स्टेशनरीच्या दुकानासाठी एक होतकरू, प्रामाणिक, कष्टाळू, हुशार आणि मनमिळाऊ मुलगी त्वरित पाहिजे. अनुभवी उमेदवारास प्राधान्य दिले जाईल. आकर्षक पगार दिला जाईल. इच्छुक उमेदवारांनी खाली दिलेल्या पत्त्यावर किंवा मोबाईल क्रमांकावर लवकरात लवकर संपर्क साधावा."

मोजले तर ३७ शब्द. पत्ता आणि फोन नंबर अजून यायचेच आहेत. दुकान कुठे, किती वाजता यायचं, सुट्टी कधी, पगार किती, यातलं काहीच या ३७ शब्दांत नाही.

असा मजकूर हाती आला की पहिली चूक होते ती इकडचा एक, तिकडचा एक शब्द गाळण्याची. तसं करत २५पर्यंत पोहोचता येतं, पण उरतो तो त्याच पोकळ मजकुराचा सांगाडा. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हा वाचून कोणी फोन उचलेल का, किंवा कोणी 'हे आपलं काम नाही' म्हणून पुढे जाईल का?

[दृश्य: मजकुरावर पेन्सिल फिरते, एकेक शब्द खोडला जातो.]

'प्रामाणिक' वाचून कोण पुढे जाईल? कोणीच नाही. 'कष्टाळू', 'हुशार', 'मनमिळाऊ' यांचंही तेच. हे गुण दुकानाला नक्की हवे आहेत, पण ते समोर बसवून, बोलून, दोन दिवस काम देऊन कळतात. 'सुप्रसिद्ध' आणि 'नावाजलेले' तर उमेदवाराच्या कामाचेच नाहीत. 'त्वरित'ही गेला, कारण जाहिरात दिली आहे म्हणजे माणूस आत्ताच हवा आहे.

'मुलगी' या शब्दापाशी जरा थांबायला हवं. काउंटर सांभाळणं, बिल करणं, फळीवर माल लावणं ही कामं स्त्री किंवा पुरुष कोणीही करू शकतं. अनेक देशांच्या कायद्यांत नोकरीच्या जाहिरातीत असा भेद करायला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एका शब्दापायी निम्मे चांगले उमेदवार दारातूनच परत जातात. 'मदतनीस' हा शब्द दोघांनाही चालतो.

'अनुभवी उमेदवारास प्राधान्य दिले जाईल' हे पाच शब्द खर्च करून मालकाने निर्णय पुढे ढकलला आहे. नवशिक्या माणूस ते वाचून बिचकतो, आणि अनुभवी माणसाला त्यातून नवं काही कळत नाही. म्हणून मालकाने आधी ठरवावं: शिकवायची तयारी आहे की नाही? आपल्या दुकानदाराची आहे.

आता कोऱ्या कागदावर फक्त माहिती लिहू. वाक्यं जुळवायची नाहीत.

[पडद्यावर]
"बाजारपेठेतील स्टेशनरी दुकानासाठी मदतनीस पाहिजे. वेळ १० ते ७, सोमवारी सुट्टी. विक्री, बिलिंग, माल लावणे. अनुभव नसला तरी चालेल. पगार दरमहा (आकडा). फोन (क्रमांक), दुपारी २ ते ४."

आकडा आणि क्रमांक प्रत्येकी एक शब्द धरला, तर हे झाले २८. तीन शब्द अजून जास्त आहेत. पण उमेदवाराला हवं ते जवळपास सगळं आलं.

पहिला शब्द रकानाच वाचवतो. वर 'नोकरी: पाहिजेत' असा मथळा छापलेला असेल, तर 'पाहिजे' पुन्हा कशाला? दुसरा शब्द 'फोन'. नंबर दिसला की तो फोनचा आहे हे कोणालाही कळतं. तिसऱ्यासाठी वाक्य बदलावं लागतं. 'अनुभव नसला तरी चालेल' हे चार शब्द, 'अनुभवाची अट नाही' हे तीन. अर्थ तोच राहतो. झाले २५.

'दरमहा' मात्र गाळू नका. नुसता आकडा पाहून कोणी तो आठवड्याचा समजेल, कोणी महिन्याचा. पगाराचा आकडा छापायला अनेक दुकानदार कचरतात. पण आकडा नसला की प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच येतो, आणि निम्मे फोन त्याच प्रश्नावर संपतात. 'दुपारी २ ते ४' या चार शब्दांवरही कात्री चालवायचा मोह होतो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत वाजणारा फोन उचलला जात नाही, आणि न उचललेल्या फोनवर पुन्हा फोन करणारे उमेदवार थोडेच. म्हणून ते चार शब्द ठेवायचेच.

शेवटची दुरुस्ती फुकट होते. बऱ्याच वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातीचा पहिला शब्द ठळक छापतात. तिथे 'बाजारपेठेतील' असण्यापेक्षा कामाचं नाव असलेलं बरं.

[पडद्यावर, ठळक]
"मदतनीस: बाजारपेठेतील स्टेशनरी दुकानासाठी. वेळ १० ते ७, सोमवारी सुट्टी. विक्री, बिलिंग, माल लावणे. अनुभवाची अट नाही. पगार दरमहा (आकडा). (क्रमांक), दुपारी २ ते ४."

[दृश्य: जाहिरात घेणाऱ्या खिडकीवर अर्ज भरला जातो.]

मजकूर देताना शब्द कसे मोजतात ते विचारून घ्या. फोन नंबर धरतात का? '१०-७' असं लिहिलं तर एक शब्द की दोन? प्रत्येक वर्तमानपत्राची पद्धत वेगळी असते, आणि या उत्तरावर एखाद-दुसरा शब्द हाती राहू शकतो. शब्द वाचवायला 'सो. सु.' सारखी संक्षेपं घुसवू नका. जी फोड करायला वाचक थांबतो, तिथेच तो पुढच्या जाहिरातीवर जातो.

छापण्याआधी प्रूफ पाहायला मिळत असेल तर बाकी मजकूर एकदा वाचा, पण नंबर दोनदा, एकेक अंक बोट ठेवून, शक्य झालं तर दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगून. शब्दातली चूक वाचक मनात सुधारून घेतो. अंकातली चूक सुधारायला त्याच्याकडे काहीच नसतं.

[दृश्य: वही. फोन येतो, एक ओळ लिहिली जाते.]

जाहिरात आली की फोनजवळ वही ठेवा. फोन करणाऱ्याने काय विचारलं आणि नाही म्हणाला तर कशामुळे, एवढंच लिहा. जेवणाची सुट्टी किती, असं कोणी विचारलं तर ते फोनवर सांगता येतं, त्यासाठी शब्द घालवायला नको. पण एकामागून एक माणसं 'रविवारी यावं लागेल हे कळलं नव्हतं' म्हणू लागली, तर 'सोमवारी सुट्टी' त्यांना पुरेसं बोललं नाही. पुढच्या वेळी तिथे 'रविवारी काम' छापा. शब्द दोनच्या दोन राहतात, आणि रविवारी येणं न जमणारा फोन करायच्या आधीच पुढची जाहिरात पाहतो.