मस्टर, मिलो आणि सुकडी : एका गुरुजींची दैनंदिनी
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय पत्रिकेवर ‘दुष्काळातील आशा’ असा छापलाय. तिथं मी येणारच आहे, पण आधी ही दैनंदिनी समजून घेऊ. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी १९७२-७३ साली ती लिहिली. घरच्यांच्या इच्छेवरून त्यांचं आणि गावाचं नाव घेत नाही. अशी वही हातात आली की आपण तिच्यात रडू शोधतो आणि हिशेबाची पानं उलटून टाकतो. माझं म्हणणं उलट आहे. त्या वर्षाचं खरं दुःख हिशेबाच्या रकान्यांतच आहे.

सभागृहात मिलोची भाकरी खाल्लेली माणसं असतील. हात वर करा बरं. बघा, मागच्या दोन रांगा पूर्ण वर आहेत. मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, मिलो म्हणजे रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. आपल्या ज्वारीचं पीठ थापलं की धरतं, हिचं धरत नाही. कडा फाटतात आणि भाकरी तव्यावर टाकतानाच मोडते. गुरुजींनी बायकांकडून उपाय विचारून लिहून ठेवलाय. पाणी खळखळ उकळून पिठावर ओतायचं, झाकून ठेवायचं आणि कोमट झालं की भरपूर मळायचं. घरात मूठभर गावरान ज्वारी असेल तर ती मिसळायची. पुढची ओळ आहे, ‘सरपण जास्त लागते.’ पाणी उकळायला सरपण, सरपणाला बाई, आणि बाई तर दिवसभर कामावर. हा हिशेब कुठल्याही सरकारी अहवालात सापडायचा नाही.

आता काम. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मातीकामाचा पैसा हजेरीवर नव्हे, मापावर मिळायचा. म्हणजे मस्टरवर नाव असलं तरी पोट मापावर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढला की शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. लोक त्याला चौकडी म्हणत. मूळ जमीन कुठवर होती ते कळावं म्हणून खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खुंटा न खणता ठेवायचा. मापाला आलेला माणूस त्या खुंट्याच्या माथ्यापासून खाली मोजतो.

इथंच सगळी भांडणं होतात. गुरुजींनी एका कुटुंबाची चौकडी ओळीनं मांडली आहे. घरात नवरा-बायको, म्हातारी सासू आणि तीन मुलं. कडेला खोली फूटभर भरली, पण मध्ये मुरूम लागला आणि खणणं नऊ इंचांवर अडलं. मापाला आलेल्यानं सगळ्या चौकडीला नऊ इंच धरले. दहा गुणिले दहा गुणिले पाऊण फूट, पंचाहत्तर घनफूट. मधल्या एका जागेच्या मापानं पुऱ्या ब्रासचा चौथा हिस्सा गेला. वास्तविक खोली चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढायची असते. शिवाय मऊ मातीचा दर वेगळा आणि कठीण मुरुमाचा वेगळा. माती लांब वाहून नेली तर त्या अंतराचे पैसे वेगळे, त्याला कामावर ‘लीड’ म्हणतात. बांध उंच होत गेला की चढवण्याचे वेगळे, ती ‘लिफ्ट’. मापाच्या पुस्तकात मऊ माती लिहिली आणि लीडचा रकाना कोरा राहिला, तर माणसानं दिवसभर घमेली वाहूनही कागदावर त्यानं कमी काम केलेलं असतं. मला या एका कोऱ्या रकान्याचा फार राग आहे आणि तो मी लपवणार नाही. दुसरी बाजूही गुरुजी सोडत नाहीत. काही जण खुंट्यावर ओली माती चढवून खोली जास्त दाखवत. खुंट्याच्या माथ्यावर जुनी पांढुरकी माती आणि वाळल्या गवताच्या मुळ्या दिसल्या तर तो खरा. माथा गुळगुळीत आणि रंगानं वेगळा असेल तर तो वाढवलेला.

हे रेशनशी कसं जोडलंय ते बघा. दुकानात त्या पंधरवड्याचं धान्य त्या पंधरवड्यातच उचलायचं. पगार आठवड्याचा ठरलेला, पण माप उशिरा झालं की बिल उशिरा आणि पैसे त्याहून उशिरा. त्या घराच्या हाती पैसे आले तेव्हा पंधरवडा उलटला होता. कार्ड होतं, दुकानात धान्यही होतं, हक्क मात्र संपला होता. मग वाण्याकडून चढ्या भावानं उधारीवर, आणि पुढचा पगार त्या उधारीत. अर्थशास्त्री ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला. उपासमारीनं माणसं मोठ्या संख्येनं मेली नाहीत याचं मोठं श्रेय ते रोजगाराच्या कामांतून हातात आलेल्या पैशाला देतात. मला ते पटतं. म्हणूनच तो पैसा आठ दिवस उशिरा येणं किती महाग पडतं, ते या वहीत वाचावं.

कामावर खायला वाटायच्या त्या सुकडीचं थोडक्यात सांगतो. गव्हाचं पीठ तेलात भाजायचं, गुळाच्या पाकात घालायचं, ताटात थापून वड्या कापायच्या, बळ यावं म्हणून डाळीचं पीठही घालायचं. कामावर पाणी नाही, भांडी नाहीत, म्हणून वाटायला कोरडं खाणं सोयीचं. पीठ कच्चं राहिलं तर पोरांची पोटं बिघडतात. पाक पुढं गेला तर वडी दगड होते आणि म्हाताऱ्यांना चावत नाही. गूळ हवेतली ओल धरतो, तेव्हा पोत्यात दाबून ठेवलेल्या वड्यांना बुरशी येते, आणि तेल जुनं असलं की खवट वास. गुरुजींनी नोंदवलेली खरी अडचण वेगळीच आहे. वडी कामावरच खायची असं ठरलेलं, पण बाया ती पदराला बांधून घरी नेत. मुकादम ओरडायचा. त्या सासूचं उत्तर वहीत आहे, ‘गुरुजी, मी खाल्ली तर घरातलं लेकरू काय खाईल?’ वाटपाच्या यादीत एक माणूस जेवलेला, प्रत्यक्षात एक वडी तीन तोंडांत. शाळेचा पट याच सुमारास घसरतो, कारण मोठी मुलं चौकडीवर आणि धाकटी वडीच्या रांगेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर आशा. पावसाचा रकाना मृगापासून सुरू होतो, पुढं आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. खरीप गेलं तरी गुरुजी लिहितात, ‘हस्ताचा पडला तर रब्बीची ज्वारी येईल.’ हस्त कोरडा गेला आणि त्यानंतर रकान्यात नक्षत्राचं नाव येत नाही. ‘पेरणी’ हा शब्दही पुढच्या पानांवर नाही. त्या घरानं कणगीतलं ज्वारीचं बियाणं दळलं, अशी एका ओळीची नोंद आहे आणि तिच्यापुढं काहीच लिहिलेलं नाही. बैल विकला तर पुन्हा घेता येतो, असं शेतकरी म्हणतो. बियाणं दळलं म्हणजे पुढच्या मृगाचा भरवसाच उठला. १९७३ ला पाऊस आला तेव्हा त्याच वहीत तगाईच्या अर्जांची यादी सुरू होते, पहिला रकाना बियाण्याचा.

शेवटचं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या शिक्षकाची अशी वही असेल तर हिशेबाची पानं फाडू नका आणि वेगळी नवी प्रत करून मूळ टाकून देऊ नका. कोरे रकाने प्रतीत उतरत नाहीत. आधी पानांचे जसेच्या तसे फोटो घ्या, कडेच्या बारीक आकड्यांसकट.