खाऊच्या दुकानाचा आठवडा: नफा, शिल्लक आणि पुढची मागणी

विद्यार्थ्यांनो आणि शिक्षकांनो, सोलापुरातल्या कुठल्याही शाळेत चालेल असं खाऊचं एक दुकान धरू आणि आज त्यातली एकच वस्तू घेऊ, शेंगदाण्याची चिक्की. खरेदी नगाला 4 रुपये, विक्री 5 रुपये. सोमवारी सकाळी 40 नग शिल्लक होते, त्याच दिवशी 60-60 नगांचे तीन खोके आले. शनिवारी दुकान बंद करताना 94 नग उरले आणि गल्ल्यात चिक्कीचे 600 रुपये निघाले.

मुलं पटकन हिशोब मांडतात: खरेदी 720, आले 600, म्हणजे 120 तोटा. इथेच चूक होते, कारण उरलेल्या 94 चिक्क्या हाही पैसाच आहे. आधीचा माल 160 रुपयांचा, त्यात खरेदी 720 मिळवा आणि उरलेल्या मालाचे 376 वजा करा. खपलेल्या मालाची किंमत 504 येते. 600 मधून 504 गेले, की नफा 96 रुपये. शिल्लक माल नेहमी खरेदीच्या भावाने धरा. विक्रीच्या भावाने धरलात, तर न झालेल्या विक्रीचा नफा आधीच वहीत चढतो.

आता दुसरी तपासणी. 220 मधून 94 गेले, म्हणजे 126 नग कपाटातून बाहेर पडले. त्यांचे 630 यायला हवेत, आलेत 600. तीस रुपये, म्हणजे सहा चिक्क्या. वहीत चार तुटल्याची नोंद आहे, दोनचा पत्ता नाही. त्या उधारीवर गेल्या असतील, किंवा मोजणी चुकली असेल. म्हणून मोजणी दुकान बंद झाल्यावरच करायची, दोघांनी वेगवेगळी, आणि फोडलेल्या खोक्यातले सुटे नग एकेक मोजून. तुटलेल्या मालाला वेगळा रकाना हवाच.

मागणीसाठी रोजचा खप लागतो. सहा दिवसांत 120 विकल्या, म्हणजे रोज 20. माल यायला दोन दिवस लागत असतील, तर त्या दोन दिवसांचे 40 आणि एका दिवसाचा राखीव साठा 20 धरा. शिल्लक 60 वर आली, की एक खोका मागवायचा. आपल्या 94 चिक्क्या पुढच्या मंगळवारी संध्याकाळी 54 वर येतील. मागणी त्याच संध्याकाळी द्यायची. स्वस्त मिळतात म्हणून पाच खोके घेऊ नका. पावसाळ्यात गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि चिक्की मऊ, चिकट होते. जुना खोका पुढे, नवा मागे.

राजगिरा लाडवाचं गणित मात्र फसवं असतं. आठवड्यात 48 विकले, म्हणून रोज 8 असं कोणी लिहील. पण लाडू गुरुवारी संध्याकाळीच संपले होते, शुक्रवार-शनिवार डबा रिकामा होता. विक्रीचे दिवस चारच, म्हणून खरा खप रोज 12. आठवर मागवलंत, तर पुढच्या आठवड्यातही डबा रिकामा पडेल, आणि कमी विक्रीचा आकडा पुन्हा कमीच मागवायला लावेल. त्यामुळे माल कधी संपला, तो वार आणि ती वेळ लिहून ठेवा. तसंच जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या काळात शाळेला सुट्टी मिळाली, तर ते दिवस सरासरीत धरू नका.