हाक कुठे पडते? कोळीगीत आणि वल्ह्याचा हिसका
(भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावकाठच्या गावात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आधी एक घोटाळा मिटवतो. आपल्याकडचे तलाव बांधले ते कोहळी, त्यात मासे धरतात ते ढिवर, आणि मी ज्यांच्या गाण्यांबद्दल बोलणार आहे ते समुद्रकाठचे कोळी. पत्रिकेत छापणाऱ्यानं ‘कोहळी गीते’ छापलंय, त्याचा दोष माझ्या अक्षराला द्या.

नोकरीची अकरा वर्षं मी अलिबागकडे काढली. तिथं जाईपर्यंत मलाही वाटायचं, की कोळीगीत म्हणजे हळदीत नाचायचं गाणं. एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, माझ्या हातात वल्हं दिलं आणि म्हणाला, आता गा. मला एक ओळ पुरी करता आली नाही. मी वल्हं ओढताना गात होतो, तिथंच चुकलं.

वल्ह्याचं काम दोन भागांत होतं. पातं पाण्यात घालून ओढायचं, मग ते उचलून परत पुढं न्यायचं. ओढताना पोट आवळलेलं असतं, त्या वेळी तोंडातून फार तर एक हाक निघते, ‘हैया’. शब्द म्हणायचे ते पातं हवेत असताना, कारण छाती तेव्हाच मोकळी असते. नमुन्याला मीच एक ओळ जुळवतो: ‘आयली भरती’ म्हणेपर्यंत वल्हं परत जातं, ‘हैया’ला ओढ लागते, ‘निंगाली होरी’, पुन्हा ‘हैया’. बोटांवर मोजा. तीन मात्रा ओढीच्या, तीन परतीच्या. कोळीगीतात ऐकू येणारा सहा मात्रांचा झोका या कामावर असा चपखल बसतो. ओळ एकजण सांगतो, हाक सगळे देतात. सांगणारा हाकेच्या वेळी दम घेतो, बाकीचे त्याच्या ओळीत.

आणि ही हाक हौसेची नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळे होडी कधी भर दुपारी निघते, तर कधी मिट्ट काळोखात. पुढच्याचं वल्हं दिसत नाही, ऐकूनच जुळवावं लागतं. एकजण अर्धी मात्रा मागं राहिला, की त्याचं पातं शेजारच्याच्या पात्यावर आपटतं आणि होडीचं तोंड एका अंगाला वळतं. तांडेलाला तो खट्ट आवाज ऐकला की कळतं, कोण चुकला ते.

आता दुसरं काम, डोल ओढायचं. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात, प्रवाह आत शिरतो आणि बोंबील, जवळा घेऊन येतो. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यातच जाळं वर घ्यायचं. इथं तो सहाचा झोका चालत नाही. वल्हं परत नेताना हात हलका होतो, ओल्या जाळ्याचा दोर मात्र सुटला की खाली घसरतो. म्हणून ओढ आणि धर, ओढ आणि धर, असे दोनच ठोके. ओळ म्हणायला जागा नाही, एक शब्द फेकायचा नि सगळ्यांनी हिसका द्यायचा. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना आपण ‘हैसा’ म्हणतो ना, तेच.

शीड चढलं की हे सगळं संपतं. ओढ वाऱ्याची असते, मग गाणं वाटेल तसं लांबवा. लग्नात विधींची गाणी म्हणणारी धवलारीण धवले गाते, त्यालाही वल्ह्याचा ठोका नसतो. सगळंच कोळ्यांचं गाणं समुद्राच्या तालावर, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

१९५० नंतरच्या दशकांत होड्यांना इंजिनं बसत गेली. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, आणि तिची गरजही उरली नाही. झोका किनाऱ्यावर आला, नाचात हातात वल्ही राहिली, ढोलकीनं वेग वाढवला. पारख सोपी आहे. गाणं लावा आणि त्या ठेक्यावर एक जड बांबू मागंपुढं ओढून बघा. जड होडीत मिनिटाला वीस-पंचवीस हिसके झाले की माणूस घामाघूम होतो. हळदीतल्या बऱ्याच गाण्यांवर तुमचे खांदे दुसऱ्या कडव्याआधीच जवाब देतील. मला ती गाणी आवडतात, पण ती पायांची गाणी आहेत, खांद्यांची नाहीत.

मघाशी एका ढिवर काकाजींनी विचारलं, ‘भाऊ, आमी त डोंग्यात एकलेच असतो, गानं कोनासाटी म्हनाव?’ बरोबर आहे. बांबूनं डोंगा रेटणाऱ्या एकट्याला कुणाशी जुळवून घ्यायचं नसतं. रोवणीतल्या बायका गातात, पण तिथंही प्रत्येकीचा हात आपल्या गतीनं चालतो, एक रोप मागं राहिलं म्हणून बांधी उलटत नाही. मग मी काकाजींना विचारलं, तलावात मोठं जाळं दोन्हीकडून माणसं लावून काठाला ओढता, तेव्हा काय करता? ते हसले. म्हणाले, ‘तवा त आरडतोच ना.’

उद्या सकाळी ते जाळं ओढणार आहेत. मी पाळीवर बसणार आहे. त्यांचा आवाज ओढीवर पडतो की ओढीच्या आधी, तेवढं मला ऐकायचंय.