काठ उसवतो का? एक ईमेल, सहा ओळी

[दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. माग चालू आहे.]

मागावरून उतरलेला हा टेरी टॉवेल, ३० बाय ६० इंच, ५०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. काट्यावर ५८० ग्रॅम भरतो. पुण्यातल्या एका हॉटेलच्या परचेस मॅनेजरला तो ईमेलवरून विकायचा आहे.

[दृश्य : पडद्यावर पहिला मसुदा]

यात कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे. चादर, नॅपकिन, बाथरोब आहेत. आठ एमबीचा कॅटलॉग जोडलाय. हॉटेलची अडचण मात्र एकाही ओळीत नाही.

[दृश्य : उसवलेला काठ, अगदी जवळून]

अडचण ही आहे. लाँड्रीत एक टाका तुटतो, पुढच्या धुण्यात शिलाई पळते, दोरे लोंबतात. मधलं कापड ठणठणीत असतं, पण असा टॉवेल पाहुण्याच्या खोलीत ठेवता येत नाही. ईमेल इथूनच सुरू व्हायला हवा. रंग उतरणं, लिंट सुटणं याही अडचणी खऱ्याच, पण त्यांना वेगळे ईमेल.

[दृश्य : लाँड्री. टॉवेलच्या कोपऱ्यावर मार्करच्या खुणा]

आता पुरावा. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, ही मानाची गोष्ट. पण काठ टिकेल की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून चालू लॉटमधले तीन टॉवेल उचलले. खास शिवून घेतलेले चालणार नाहीत, कारण हॉटेलला जाणार तो लॉटमधलाच माल. लाँड्रीच्या मशीनमध्ये, गरम पाण्यात, ५० धुणी. दर धुण्याला एक खूण. घरच्या बादलीतली ५० धुणी इथे मोजायची नाहीत, तिथे काठाला तेवढा ताण बसत नाही. तीन टॉवेल, प्रत्येकाचे दोन शिवलेले काठ, म्हणजे सहा काठ. एकाचीही शिलाई सुटली नाही. एक सुटला असता, तर ईमेलमध्ये ‘सहापैकी पाच’ असंच लिहायचं.

पुरावा बरोबर आहे का, हे तपासायची सोपी रीत : अडचणीच्या ओळीवर हात ठेवून फक्त पुरावा वाचा. अडचण कोणती होती ते कळलं, तर पुरावा जागेवर आहे.

[दृश्य : नवा मसुदा, एकेक ओळ उमटते]

विषय : टॉवेलचे उसवणारे काठ

‘नमस्कार सर,
काठ उसवल्यामुळे चांगले टॉवेल बाद करावे लागतात का?
आमच्या चालू लॉटमधले तीन टॉवेल लाँड्रीत गरम पाण्यात ५० वेळा धुतले.
सहापैकी एकाही काठाची शिलाई सुटली नाही.
तुमच्या लाँड्रीत धुऊन पाहायला दोन टॉवेल पाठवू का?
हो असेल, तर उत्तरात फक्त पत्ता द्या.’

पहिल्या मसुद्यात ‘फोन करा, कॅटलॉग पाहा, कारखान्याला भेट द्या’ अशा तीन मागण्या होत्या. कामाच्या गडबडीत माणूस तीनातलं एक निवडत बसत नाही, ईमेल उद्यावर ढकलतो. थेट ५०० नगांची ऑर्डर मागणंही पहिल्याच ईमेलमध्ये जड जातं. किंमत नमुन्यासोबत जाईल.

[दृश्य : मोबाईलवर उत्तर]

‘पाठवा.’ खाली पत्ता.

[दृश्य : दोन टॉवेल घडी होऊन खोक्यात. निवेदन नाही.]