जिन्याच्या कोपऱ्यातला लाल डाग: वर का येतो आणि कसा काढायचा
(सोसायटी पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, रंगकाम आटोपून महिना होत नाही तोच जिन्याच्या कोपऱ्यात पिवळट-तपकिरी धब्बे उमटतात. रंगारी म्हणतो, "पुन्हा कोणीतरी थुंकलं." सेक्रेटरी वॉचमनवर उखडतात. पण हात फिरवून बघा: वर सुकलेला थर नसेल, ओघळ नसेल, नुसता रंगच बदललेला असेल, तर तो जुना डाग आहे. नव्या रंगातून वर आलेला.

याचं कारण पानातच आहे. कात आणि सुपारीत टॅनिन भरपूर असतं. चुन्यासोबत ते हवेत लाल होतं आणि दिवस गेले की काळपट पडतं. गुटख्यातही माल तोच. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, हे आपल्या जिन्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. असो. हे टॅनिन पाण्यात विरघळतं आणि हल्लीचे भिंतीचे बहुतेक रंग पाण्यात कालवलेले. ओला रंग लावला की खालचा डाग भिजतो, पाणी सुकताना तो सोबत वर येतो. आणखी दोन हात मारले तरी तेच.

माझ्या समोर आलेला एक कोपरा सांगतो. दुसऱ्या मजल्याचं लँडिंग. खाली शहाबादी फरशी, त्यावर तीन फूट ऑइल पेंट, वर डिस्टेंपर. पिचकारी तिन्हींवर उडालेली. सफाईवाल्या बाईंना तिथे टॉयलेट धुण्याचं ॲसिड दिलं होतं. फरशीवर ओतताच फेस आला आणि सगळे खूश, की डाग निघतोय. फेस दगडाचा होता. शहाबादी, कोटा, संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. वरची तुकतुकी गेली, फरशी खरखरीत झाली आणि पुढची पिचकारी आणखी खोल मुरली.

तिथे आम्ही काम वरून खाली नेलं, कारण खरवडलेलं सगळं खालीच पडतं. आधी पाणी फवारलं. सुकी थुंकी कधीच झाडू किंवा खरवडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे आणि मास्क हवाच.

डिस्टेंपर धुऊन निघत नाही. ओलं फडकं फिरवलं की रंगच हाताला येतो आणि डाग वीतभर पसरतो. म्हणून डागाच्या चारी बाजूंना चार बोटं जास्त धरून पुट्टीपर्यंत खरवडलं, पुट्टीही लाल दिसली तिथे तीही काढली. भिंत पूर्ण सुकू दिली. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा तेलाचा प्रायमर लावला. सगळं काम याच हातावर आहे. त्यात पाणी नसतं, त्यामुळे डाग विरघळत नाही आणि वर झाकण बसतं. तो वाळल्यावर तळहाताएवढ्या जागेवर नेहमीचा रंग लावून एक दिवस थांबलो. एका ठिकाणी पिवळी झाक आली, तिथे प्रायमरचा दुसरा हात दिला. नंतर पुट्टी, मग रंग.

ऑइल पेंटचा पट्टा सोपा गेला. साबणाच्या पाण्याने धुतला, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवलं आणि भरपूर पाण्याने काढलं. रंग उडतो का, हे आधी आडबाजूला बघून घ्यावं. तारेची घासणी मात्र नको. तिचे लोखंडी कण अडकतात आणि टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात, ते लाल डागापेक्षा चिवट. आणि ब्लीच व ॲसिड एका जागी कधीही येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद जिन्यात तो जिवावर बेतू शकतो.

फरशीतला मुरलेला डाग घासून निघत नाही, तो ओढून काढावा लागतो. खडूच्या पुडीत केमिस्टकडचं सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट केलं, डागावर अर्धा सेंटिमीटर थापलं आणि वर प्लास्टिक घातलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप सुकू दिला. लेप सुकताना डाग पुडीत येतो. लाकडी पट्टीने काढून फरशी धुतली. दोनदा केल्यावर लाली गेली. ॲसिडने खाल्लेला भाग तसाच खरखरीत आहे. त्याला आता पॉलिशवाला बोलवावा लागेल.

कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावाव्यात का, असं कोणीतरी विचारलं. लावा, पण बऱ्याच इमारतींत मी पाहिलंय, थुंकणारा अर्धा जिना खाली उतरून थुंकतो. त्यापेक्षा तिथे साध्या ग्लेझ्ड टाइल्स चार फुटांपर्यंत चढवा आणि सांधे इपॉक्सीने भरा. सिमेंटचा सांधा डाग पितो, इपॉक्सी पीत नाही.

आणि कंत्राटदाराचं कोटेशन घेताना "डागाच्या जागी खरवडणे व तेलाचा प्रायमर" ही ओळ वेगळ्या दराने लिहून घ्या. "रंगकाम, दोन हात" एवढंच लिहिलं असेल, तर तो डागावर थेट रोलर फिरवणार.