दळलेल्या जवसाचे आयुष्य

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जवस, कोलेस्टेरॉल आणि संप्रेरके’ असा छापला आहे, आणि त्या दोन्हींकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी मला जवसाच्या डब्याविषयी बोलू द्यावे, कारण ‘जवस खाऊन काही उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्या पुष्कळांची अडचण रक्तात नसून डब्यात असते, असे माझे मत आहे.

मागे एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ जवसाच्या तयार पुडीचे पाकीट घेऊन मला भेटले. पाकीट अर्धे संपलेले, तोंड रबराने बांधलेले, आणि त्याचा मुक्काम शेगडीशेजारच्या फळीवर. “कडू लागते आणि घशाशी जळजळते, पण औषध म्हटल्यावर एवढे चालायचेच, नाही का?” असे त्यांनी मोठ्या समाधानाने विचारले. मी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, कोमट पाण्याच्या थेंबात चोळली आणि त्यांच्याच नाकाशी धरली. भिंतीला नुकताच तैलरंग दिल्यावर खोलीत जो वास कोंडतो, तो त्यांना लगेच ओळखू आला. ताज्या जवसाची चव सौम्य आणि किंचित गोडसर असते. पाकिटावर वेष्टनाची तारीख ठळक होती, मात्र बी कधी दळले याचा कुठेही उल्लेख नव्हता. आणि माझी तक्रार आहे ती नेमकी या न छापलेल्या तारखेविषयी.

तो वास तैलरंगासारखा यावा हा योगायोग नव्हे, कारण चित्रकारांच्या तैलरंगात परंपरेने जवसाचेच तेल असते. ते पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. जवसाच्या बीमध्ये सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. या आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, आणि त्यांच्या मधल्या जागी असलेला हायड्रोजन इतका सैल असतो की ऑक्सिजनला तिथे सहज शिरकाव मिळतो. एकदा सुरुवात झाली की एक रेणू दुसऱ्याला बिघडवत जातो. गंमत अशी की या बिघाडात प्रथम तयार होणाऱ्या पदार्थांना वासच नसतो. ते पुढे तुटून अल्डिहाइडे तयार झाली की मग खवटपणा जाणवतो. याचाच अर्थ असा की नाकाने इशारा दिला, तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो. चित्रासाठी जो गुण, तोच आहारासाठी दोष!

अखंड बीचे कवच हा शिरकाव रोखून धरते, म्हणून कोरड्या व थंड जागी अखंड जवस वर्षभर चांगले राहते. परंतु तेच कवच आपल्या पचनालाही रोखते, आणि न चावता गिळलेले बी बहुधा जसेच्या तसे बाहेर पडते. दळणे म्हणूनच अपरिहार्य ठरते. इथे पुडीची बाजूही मांडली पाहिजे: स्वच्छ, न फुटलेल्या बियांची पूड नुसत्या तेलापेक्षा पुष्कळ अधिक टिकते, आणि काही चाचण्यांत ती साधारण खोलीच्या तापमानालाही चार महिन्यांच्या आसपास चांगली राहिलेली आढळली आहे. शेगडीची ऊब, प्रकाश, दमटपणा आणि आधीच फुटलेले दाणे एकत्र आले की हा हिशेब कोलमडतो.

यावरची रीत सोपी आहे. बी निवडून फुटके व सुरकुतलेले दाणे काढावेत आणि एका आठवड्याला पुरेल एवढेच दळावे. मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून फिरवावा. भांडे गरम झाले आणि पूड कडेला चिकटू लागली, तर तेल सुटू लागले आहे असे समजून थांबावे. दळण्यापूर्वी मंद आचेवर हलके भाजले तरी चालते; त्याने ओलावा जातो आणि दळणे सुकर होते. दाणा काळपट होईपर्यंत भाजणे मात्र खवटपणाला आमंत्रण आहे. पूड घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी राहील, आणि बरणी फ्रीझरमध्ये ठेवावी. थंड बरणी बाहेर उघडी राहिली की पुडीवर बाष्प धरते, म्हणून कोरड्या चमच्याने हवी तेवढी पूड काढून बरणी लगेच आत ठेवावी.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, तेव्हा आता पत्रिकेवरच्या विषयाकडे वळतो.

जवसाच्या कवचाजवळचा चिकट, विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. २००९ साली २८ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात अखंड किंवा दळलेल्या बीने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे सरासरी ६ मिलिग्रॅमने उतरले, तर नुसत्या तेलाने लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा कोलेस्टेरॉलसाठी जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी नेमका उपयोगाचा भाग गमावलेला असतो. एखाद्याचे एलडीएल १५० असेल, तर जवसाने ते सरासरी १४४ च्या आसपास येईल. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन या औषधाच्या मध्यम तीव्रतेच्या मात्रेने ते साधारण १०५ किंवा त्याहून खाली येते. ज्यांचे कोलेस्टेरॉल मुळात जास्त असते त्यांच्यात जवसाचा परिणाम थोडा अधिक दिसला, परंतु तो औषधाची जागा घेईल असा कुठेही दिसला नाही.

संप्रेरकांविषयी तर अधिकच सावधपणे बोलावे लागेल. जवसात लिग्नान नावाची वनस्पतिजन्य संयुगे भरपूर असतात. आतड्यातील जिवाणू त्यांचे एंटेरोलॅक्टोन बनवतात, आणि हा पदार्थ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे अतिशय क्षीण काम करू शकतो. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून उष्णतेच्या लाटा येतात, त्यावर २००७ मध्ये एका लहान अभ्यासात रोज ४० ग्रॅम दळलेले जवस दिले गेले आणि लाटा जवळजवळ निम्म्यावर आल्या. तुलनेसाठी मात्र दुसरा गटच नव्हता. २०१२ मध्ये १८८ स्त्रियांवरील चाचणीत अर्ध्या जणींना जवसाची वडी आणि अर्ध्या जणींना जवसाविना तशीच दिसणारी वडी दिली, तेव्हा दोन्ही गटांत एकतृतीयांशाहून थोड्या अधिक स्त्रियांचा त्रास निम्मा झाला. ‘हार्मोन संतुलित होतात’ या वाक्याला यापलीकडे फारसा आधार मला देता येत नाही.

मात्रेचे सांगतो आणि थांबतो. पहिला आठवडा रोज एक छोटा चमचा पूड घ्यावी, पोट नीट राहिल्यास हळूहळू एक ते दोन मोठे चमचे. एका मोठ्या चमच्यात साधारण ७ ग्रॅम पूड बसते. कोलेस्टेरॉलच्या अनेक चाचण्यांत मात्रा ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार मोठे चमचे होती. त्यामुळे दोन चमच्यांकडून सरासरीहूनही कमी अपेक्षा ठेवावी. पूड कोरडी तोंडात टाकू नये, ती पाण्याने फुगते. सोबत पेलाभर पाणी हवेच. गोळ्या आणि जवस यांच्यात तास-दोन तासांचे अंतर असावे. आतड्यात अरुंदपणा असलेल्यांनी जवस टाळावे. गर्भवती, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि संप्रेरकांशी निगडित कर्करोगाचे रुग्ण यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तीन महिन्यांनी, पूर्वीच्याच प्रयोगशाळेत, पूर्वीसारखेच उपाशीपोटी रक्त तपासावे, आणि मधल्या काळात वजन किंवा औषध बदलले असेल तर उतरलेल्या आकड्याचे श्रेय जवसाला देऊ नये.