पैसे लागणार कधी?

मंडळी, चिठ्ठी आली आहे: ‘एफडी, लिक्विड फंड की इक्विटी फंड, चांगलं काय?’ मी उलट विचारतो, पैसे लागणार कधी?

समजा, एक नोकरदार आहे, 30 टक्के कर भरणारा. आठ महिन्यांनी मुलीच्या कॉलेजची फी, 3 लाख. चार वर्षांनी घर घ्यायचंय, त्यासाठी 10 लाख बाजूला काढलेत. निवृत्ती वीस वर्षं लांब.

फीचे पैसे त्यानं 7 टक्के बघून पाच वर्षांच्या एफडीत टाकले आणि आठ महिन्यांनी मोडायला गेला. बँक आता 7 टक्के देत नाही. पैसे जितके दिवस राहिले त्या मुदतीचा दर धरते, समजा 6, आणि वर बहुतेक ठिकाणी दंडाचा एक टक्का कापते. 14 हजारांच्या आशेवर बसलेल्याच्या हातात 10 हजार पडतात, आणि त्यावरही कर आहेच. फीची तारीख ठाऊक होती, तर आठ महिन्यांचीच एफडी करायची.

तारीखच ठाऊक नसेल, म्हणजे नोकरी गेली, कुणी आजारी पडलं, तर लिक्विड फंड. तो जास्तीत जास्त 91 दिवसांच्या कर्जरोख्यांत पैसे लावतो. पहिल्या सहा दिवसांत काढले तर किंचित शुल्क, नंतर काही नाही. पैसे साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात. कराचा दर एफडीसारखाच, पण विकाल तेव्हाच. एफडीच्या व्याजावर मात्र ते हातात आलं नसलं तरी दरवर्षी कर. हमी मात्र नाही: 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी बुडाली तेव्हा काही लिक्विड फंडांनाही झळ लागली.

खरी गफलत होते ती घराच्या पैशांत. चार वर्षं म्हणजे ‘बराच काळ’ वाटतो आणि माणूस इक्विटी फंडात, म्हणजे शेअर बाजारात, जातो. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300 च्या वर होता, 23 मार्चला 7,610. दहा लाखांचे सव्वासहाही उरले नाहीत. नोव्हेंबरात भरून निघाले हो, पण बिल्डर थांबतो का? 2008 च्या पडझडीनंतर सेन्सेक्सला जुनी पातळी गाठायला जवळपास तीन वर्षं लागली. म्हणून हे पैसे एफडीतच, आणि तीन बँकांत वाटून. ठेवविमा प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंतच, आणि त्यात व्याजही धरतात.

निवृत्तीचं गणित उलटं. 7 टक्क्यांतून कर गेला की पाचही उरत नाहीत. महागाई ते खाऊन टाकते. तिथे इंडेक्स फंडाची, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडाची, दरमहा एसआयपी. पण निवृत्तीआधी तीन-चार वर्षं पैसे हप्त्याहप्त्यानं बाहेर काढायला लागा. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटीचा 1.25 लाखांपर्यंतचा नफा दर आर्थिक वर्षी करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के. सगळं एकाच वर्षी विकलंत तर ही सूट एकदाच मिळते, चार वर्षांत विकलंत तर चारदा.